नातीला पत्र लिहायला मला एक वर्ष लागलं

नात झाली ११ मार्च २०२५ ला, लातूरला, पहाटे. वजन दोन किलो आठशे. मी तीस वर्षं आरोग्य खात्यात सिस्टर होते, उपकेंद्रात किती बाळंतपणं केली त्याची रजिस्टरं भरली, त्यामुळे पहिल्यांदा आकडाच डोक्यात जातो, माफ करा. लेक माहेरी आली होती बाळंतपणाला. आता हे सगळं लिहितेय कारण मागच्या महिन्यात ते पत्र शेवटी पूर्ण झालं, आणि माझ्या दोन मैत्रिणींनी विचारलं की आम्हालाही लिहायचंय पण सुरुवात कुठून करायची कळत नाही. मलाही कळत नव्हतं. मी चार महिने चुकीचंच लिहीत होते.

खरं तर मला पत्र लिहायचंच नव्हतं, मला पैसे ठेवायचे होते. बारसं झालं, दोन दिवसांनी मी पेन्शनमधले दहा हजार घेऊन पोस्टात गेले सुकन्या समृद्धीचं खातं काढायला. खिडकीवरच्या पोराने सांगितलं, आजी, हे खातं आई-वडिलांनीच काढायचं असतं नाहीतर कोर्टाने नेमलेल्या पालकाने, तुमच्या नावाने नाही होणार. मी म्हटलं माझ्या शेजारणीने काढलंय की. तर म्हणे आजी-आजोबांनी काढलेली जुनी खाती ऑक्टोबर २०२४ पासून आई-वडिलांच्या नावे करून घ्यायला सांगितलंय. बरोबर होतं त्याचं, मी नंतर चौकशी केली. पैसे तुम्ही देऊ शकता, फक्त सही जावयाची किंवा लेकीची लागते. आणि बाळाचा जन्मदाखला लागतो, तो तेव्हा आमच्याकडे नावाशिवायचा होता. (दाखल्यावर नाव नंतर टाकता येतं, वर्षाच्या आत असेल तर फी नाही. पण उशीर करू नका, मी नोकरीत असताना पाच-सहा वर्षांच्या पोरांना घेऊन शाळेच्या ॲडमिशनच्या आधी धावपळ करणारे आईबाप बघितलेत.)

तर दहा हजार परत घेऊन मी घरी आले आणि वाटलं की पैसे तर काय जावई ठेवतीलच, आपण एक पत्र लिहावं, अठराव्या वर्षी वाचेल. म्हणजे २०४३. तेव्हा मी असले तर शहाऐंशी वर्षांची असेन, म्हणजे नसेनच असं धरून चालले.

पहिला खर्डा एप्रिलमध्ये लिहिला, शाळेच्या वहीवर, नऊ पानं. काय नव्हतं त्यात! बहात्तरचा दुष्काळ, मी पंधरा वर्षांची असताना खडी फोडायला जायचे ते, तिथं मिळणारी सुकडी, मग त्र्याण्णवचा भूकंप, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना हादरा बसला आणि तुझी आई चार वर्षांची होती तिला उचलून मी अंगणात पळाले, मग मोबाईल, मग कोरोना, आणि शेवटी झाडं लावा, मोठ्यांना मान द्या. लेकीला वाचायला दिलं. बाळाला पाजत पाजत वाचलं तिने, नवव्या पानापर्यंत गेली, आणि म्हणाली, "आई, हे स्पर्धा परीक्षेचं पुस्तक झालंय. यात तू कुठंय?"

राग आला मला. दोन दिवस बोलले नाही नीट. पण तिसऱ्या दिवशी परत वाचलं तर खरंच, भूकंपाची तारीख तर पोरगी कुठंही बघेल, आजीने कशाला सांगायची. नऊ पानांत एकच वाक्य मला माझं वाटलं: "बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा आपली विहीर आटली नाही."

हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून, शहात्तरपासून ऐकतेय. सासूबाई सांगायच्या, गावातली म्हातारी माणसं सांगायची. औसा तालुक्यातलं आमचं गाव, घराची साडेचार एकर जमीन, त्यात सासऱ्यांनी पाडलेली विहीर, सात परस खोल. तरुण वाचणाऱ्यांसाठी सांगते, परस म्हणजे पुरुषभर खोली, साधारण सहा फूट. मी नवीन असताना हंडा घेऊन मळ्यात जायचे आणि उन्हाळ्यातही पोहरा सोडला की पाणी लागायचं. आणि आता मे महिन्यात तळ दिसतो. तर मी ठरवलं की पत्र विहिरीबद्दलच लिहायचं. आम्हाला काय मिळालं आणि तुझ्यासाठी काय उरलं, एका विहिरीत सगळं मावतं. फक्त आठवणीवर लिहायचं नाही, मोजून लिहायचं. सवय जात नाही ना.

२ मे ला गावी गेले. आधी दोर सोडून हातानं मोजलं, जसं पूर्वी मोजायचो. पाण्यापर्यंत माझ्या हातानं एकोणतीस हात भरला, भाऊजींच्या हातानं सव्वीस. दोघांचं भांडण. शेवटी त्यांच्या मुलाने औशाहून तीस मीटरचा लोखंडी टेप आणला, साडेसहाशे रुपये, तो अजून वापरतोय. कुणाला आपली विहीर मोजायची असेल तर हे लक्षात ठेवा की मोजायची जागा एकच पाहिजे. आम्ही कठड्यावर तांबड्या ऑइलपेंटने एक खूण केली, दर वेळी तिथूनच. मोटर रात्रीपासून बंद पाहिजे, नाहीतर पाणी उपसलेलं असतं आणि आकडा खोटा येतो. टेपच्या टोकाला अर्ध्या किलोचं माप बांधा आणि शेवटच्या दोन-तीन फुटांना खडू चोळा. टेप पाण्यात गेला की खडू जिथपर्यंत भिजतो ती रेघ वर काढल्यावर स्पष्ट दिसते, डोकावून अंदाज करायची गरज नाही. (आणि एकटीने डोकावू नका, कुणीतरी सोबत ठेवा.) कठड्याची उंची वजा करायला विसरू नका, आम्ही पहिल्यांदा विसरलो.

तळ चव्वेचाळीस फुटांवर. पाणी एक्केचाळीस फुटांवर. म्हणजे तीन फूट पाणी, तेही गढूळ.

मी वहीत लिहून घेतलं आणि भाऊजींना म्हटलं, बघा, बहात्तरला सुद्धा आटली नव्हती आणि आज ही गत. भाऊजी बिडी विझवत म्हणाले, "कोण म्हणतं आटली नव्हती? वैनी, बहात्तरला ही विहीर चारच परस होती. कोरडी ठाक पडली. मी तळात उतरून खेळलोय."

मी बघतच राहिले. पन्नास वर्षं जे वाक्य मी सांगत आले, लेकीला सांगितलं, ते खोटं? यांना विचारलं तर हे म्हणतात, मी तेव्हा शिकायला लातूरला होतो मला आठवत नाही. दोन भावांत कोण खरं. मग मी कागद शोधायचं ठरवलं.

आता जरा सरकारी भाग, पण उपयोगाचा आहे. आजचा सातबारा ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत, पण त्यात जुनं काही दिसत नाही. जुने हातानं लिहिलेले सातबारा आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. साधा अर्ज करायचा, गट नंबर आणि त्याआधीचा सर्व्हे नंबर दोन्ही लिहायचे (सर्व्हे नंबर नसेल तर जुनं सापडतच नाही, तो तलाठ्याकडून किंवा जुन्या खरेदीखतावरून काढा), कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत हवं ते लिहायचं, कोर्ट फी स्टँप लावायचा आणि पोच घ्यायची. मी १९ मे ला अर्ज दिला. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला, दुसऱ्या खेपेला रेकॉर्ड सांभाळणारे बाबा रजेवर, तिसऱ्या खेपेला "गठ्ठा सापडत नाही". चौथ्या खेपेला मी डबा घेऊनच गेले आणि बाकावर बसले. नकला मिळाल्या २६ जूनला. नकलांचे आणि झेरॉक्सचे मिळून पावणेदोनशे, एसटीला अर्धं तिकीट.

आणि त्या पिवळ्या कागदाच्या नकलेवर, सातबाऱ्याच्या उजव्या बाजूला इतर हक्काचा जो रकाना असतो, त्यात स्वच्छ मोडी वळणाच्या अक्षरात लिहिलेलं: तगाई बोजा, विहीर खोलीकरण, सन १९७३. तगाई म्हणजे सरकार शेतकऱ्याला द्यायचं ते कर्ज. भाऊजी खरे होते. विहीर आटली होती. आटली म्हणून सासऱ्यांनी सरकारकडून कर्ज काढून तीन परस आणखी खोदली, आणि मी तीन वर्षांनी जे पाणी प्याले ते त्या कर्जाचं होतं. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या म्हणा, त्यांच्या मनात विहीर म्हणजे ती सात परसाचीच.

पण खरा धक्का खालच्या अर्ध्या भागात होता. सातबाऱ्यातला बारा म्हणजे पीक पाहणी, कुठल्या वर्षी काय पेरलं आणि पाणी कशाचं, ते तलाठी लिहायचा. पंच्याऐंशीपर्यंत ज्वारी, तूर, करडई, थोडा भुईमूग. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीला पहिल्यांदा ऊस, तीस आर, म्हणजे पाऊण एकर. साधन विहीर. मग दरवर्षी ऊस. दोन हजार तीनपासून साधन विहीर आणि बोअर. पुढे २०१४-१५ ऊस. २०१५-१६ ऊस.

२०१६ चा एप्रिल लातूरच्या माणसाला सांगायला नको. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. आम्ही तेव्हा लातूरला भाड्याने राहायचो, टँकरच्या लाइनीत मी घागर घेऊन उभी असायचे आणि सरकारला, नगरसेवकाला, सगळ्यांना शिव्या देत असायचे. आणि आमच्याच पाऊण एकरात ऊस उभा होता. मी बसून हिशोब केला. उसाला वर्षभरात पावसाचं धरून साधारण दोन मीटर पाणी लागतं, पाटानं दिलं तर जास्तच. तीस आर म्हणजे तीन हजार चौरस मीटर, गुणिले दोन, म्हणजे साठ लाख लिटर. पावसाचं वजा केलं तरी चाळीस लाखाच्या आसपास विहीर-बोअरचं. पहिली गाडी पाच लाखाची. म्हणजे आठ गाड्या पाणी आमच्या एकट्या घरानं पाऊण एकराला दिलं.

हे मी यांना दाखवलं तर हे म्हणाले, "हे लिहू नकोस पोरीला. काय वाटेल तिला आपल्याबद्दल." आणि मग जरा वेळाने म्हणाले, "अन् त्या उसाच्या पैशातूनच तिच्या आईची इंजिनिअरिंगची फी भरली, तेही लिही मग."

दोन्ही लिहिलं. पत्रातला तो तुकडा लेकीला विचारून इथे देतेय:

"चिऊ, तुला लोक सांगतील की आजी-आजोबांच्या काळात पाणीच पाणी होतं. नव्हतं बाळा. माझ्या लहानपणीही विहिरी आटायच्या आणि आम्ही खडी फोडायचो. आमची विहीर तुझ्या पणजोबांनी कर्ज काढून खोल केली, आणि त्यांच्या मुलांनी आणि आम्ही सुनांनी ती तीस वर्षांत पिऊन टाकली. बळजबरी कुणी केली नव्हती. उसाला भाव होता, कारखाना गाडी पाठवायचा, ज्वारीला कुणी विचारत नव्हतं. त्या उसावर तुझी आई शिकली, म्हणून तू पुण्याच्या घरात मोठी होतेस. मी त्याची माफी मागायची की नाही हे मला ठरवता आलेलं नाही, म्हणून फक्त झालं ते लिहून ठेवते."

हे जुलैमध्ये लिहून झालं आणि मला वाटलं झालं पत्र. मग आला सप्टेंबर. मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी बघितला, सोयाबीन पाण्यात, पंचनाम्यासाठी रांगा, आमचंही दोन एकर गेलं. आणि भाऊजींच्या मुलाचा फोन, काकी, विहीर काठोकाठ भरलीय, हाताने पाणी घेता येतंय. आता काय करायचं? पत्रात लिहिलंय विहीर संपली आणि विहीर तर भरून वाहतेय. लेक हसायला लागली, म्हणाली आई तुझं पत्र वाहून गेलं.

मी आमच्या उपकेंद्राच्या गावात पूर्वी भूजल खात्याची माणसं यायची त्यातल्या एका निवृत्त बाबांना फोन केला. ते म्हणाले, सिस्टर, एका मोजणीवर पेशंटचं निदान करता का तुम्ही? आमचं खातं ठरलेल्या विहिरी वर्षातून चारदा मोजतं, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी मावतं ते मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत, तेवढंच. म्हणून एका मोठ्या पावसात विहीर भरते, आणि भरली म्हणून वर्षभर पुरेल असं नसतं. भरलेली किती वेगानं उतरते ते बघा.

म्हणून पत्र थांबवलं. १२ ऑक्टोबरला मोजलं, पाणी चार फुटांवर. १८ जानेवारीला पंधरा फूट. ७ मार्चला सव्वीस. एवढा पाऊस होऊन पाच महिन्यांत बावीस फूट खाली. आमचा ऊस सोळा सालीच बंद झाला, पण शेजारच्या बांधाला आहेत बोअर, आणि भाऊजींचाही अर्धा एकर ऊस आहे अजून, ठिबकवर. त्यांना मी काही बोलत नाही, त्यांच्या नातवाची फी आहे आता.

मधल्या काळात कागद-शाईचं बघितलं, त्याचंही सांगते कारण यात माझे पैसे वाया गेले. मला आधी लॅमिनेशन करायचं होतं. नका करू, प्लास्टिक कागदाला चिकटतं, पिवळं पडतं आणि परत सुटं करता येत नाही. दवाखान्यातली वजनाची गुळगुळीत चिठ्ठी जपून ठेवली होती, ती चार महिन्यांत कोरी झाली, ते उष्णतेनं छापायचं कागदच तसलं असतं. असल्या पावत्यांची आधी झेरॉक्स काढा. शाईसाठी मी एप्रिलात एका कागदावर चार पेनांनी एकच ओळ लिहून तो पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला चिकटवला होता. जूनपर्यंत निळी शाईपेनची ओळ जवळजवळ गेली, बॉलपेन जांभळट झालं, काळ्या जेलपेनची ओळ तशीच. त्याच पेनावर पाणीही टाकून बघितलं, पसरलं नाही. दुकानात पिगमेंट शाईचं द्या म्हणून मागा. कागद जावयाने पुण्याहून शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणला, सुती चिंध्यांचा असतो, लवकर पिवळा पडत नाही. वीस ताव आणले, मी आठ खराब केले कारण त्यावर रेघा नसतात आणि माझी ओळ डोंगर चढते. खाली जाड रेघांचा कागद ठेवून लिहा.

स्टेपलर लावला नाही, पिना गंजतात. पानं दोऱ्याने शिवली. आणि सासूबाईंची पोथी जशी असायची तसं मादरपाटाच्या धुतलेल्या कापडाचं बासन केलं, बिनारंगाचं, लाल कापडाचा रंग ओल लागली की उतरतो. कसर लागू नये म्हणून लवंगांची पुरचुंडी ठेवलीय, पण ती पानांना चिकटून नाही, डब्याच्या कोपऱ्यात.

लॉकरमध्ये ठेवावं असं हे म्हणत होते. लॉकर माझ्या नावावर, मी गेल्यावर वारसाचे कागद, नॉमिनी, कुणाला आठवण राहणार. एक प्रत लेकीकडे, एक गावी भाऊजींच्या सुनेकडे पत्र्याच्या ट्रंकेत. तिच्याकडे का, तर पत्राचा शेवटचा भाग तिच्याशिवाय होणार नाही. तो असा आहे:

"तू २०४३ च्या मे महिन्यात गावी ये. मामीकडे लोखंडी टेप आहे आणि मोजणीची वही आहे. विहिरीच्या कठड्यावर तांबडी खूण असेल, पुसली असेल तर मामी दाखवेल. रात्री मोटर बंद ठेवायला सांग, टेपला खडू चोळ, सकाळी मोज. मी २ मे २०२५ ला मोजलं तेव्हा पाणी एक्केचाळीस फुटांवर होतं. तुझा आकडा माझ्यापेक्षा लहान यावा एवढंच मला तुझ्यासाठी पाहिजे. मोठा आला तर तोही लिही, गाळू नकोस."

माझ्याने एवढंच आलं. 'जग सुंदर असो' वगैरे तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं, महागाचा कागद.

११ मार्च २०२६ ला पहिल्या वाढदिवसाला बासन लेकीच्या हातात दिलं. एकूण खर्च टेप, नकला, कागद, पेन, प्रवास धरून अडीच हजाराच्या आत. चिऊने कापडाची गाठ तोंडात घातली, काढून घेतल्यावर रडली. त्याच आठवड्यात जावयाच्या सहीने सुकन्याचं खातंही झालं.

आता मे ची मोजणी राहिलीय. भाऊजींच्या सुनेचा काल फोन आला होता, खडू संपलाय म्हणे, येताना घेऊन या.